स्टेरॉलचे लोणी की ताटातला बदल?

‘कोलेस्टेरॉल कमी करणारे’ म्हणून वनस्पती-स्टेरॉल घातलेली कृत्रिम लोणी परदेशात बऱ्याच वर्षांपासून मिळतात. साध्या पथ्यापेक्षा ती सरस आहेत का, असे वाचक विचारतात.

या लोण्याचा गुण खरा आहे. फिनलंडमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच जातीचा स्टॅनॉल हा पदार्थ घातलेले लोणी वर्षभर खाणाऱ्यांचे एल.डी.एल., म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, सुमारे १४ टक्क्यांनी उतरले. पुढच्या अनेक अभ्यासांत रोज २ ग्रॅमला सरासरी ८ ते १० टक्के उतार दिसला. स्टेरॉलची घडण कोलेस्टेरॉलसारखी असल्याने ते आतड्यात त्याची जागा अडवते, आणि आहारातले व पित्तातले कोलेस्टेरॉल कमी शोषले जाते. पण यकृत ती तूट थोडी भरून काढते. म्हणून ३ ग्रॅमच्या पुढे फारसा जादा फायदा मिळत नाही.

आता हिशेब करू. एखाद्याचे एल.डी.एल. १६० आहे. रोज २ ग्रॅम स्टेरॉल घेतल्यास ते साधारण १४५ वर येईल. तूप, वनस्पती तूप, साय आणि तळण कमी केले, तरी ८ टक्के उतार धरून ते १४७ च्या आसपास येईल. म्हणजे फरक दोन अंकांचा! दोन्ही केल्यास १३४ पर्यंत मजल जाते, कारण दोहोंचे मार्ग वेगळे आहेत.

मग शेंगदाणा तेलातूनच स्टेरॉल घ्यावे का? नाही. त्यात १०० ग्रॅमला जेमतेम २०० मिलिग्रॅम स्टेरॉल असते. २ ग्रॅमसाठी रोज किलोभर तेल प्यावे लागेल!

टोरांटोतील २००३ च्या प्रयोगात नुसत्या कमी चरबीच्या आहाराने एल.डी.एल. ८ टक्के उतरले. स्टेरॉलच्या जोडीला इसबगोल, भेंडी, ओट, जव, सोयाबीन व बदाम दिल्यावर ते सुमारे २९ टक्के उतरले. अर्थात तेथे अन्न संशोधकांनीच पुरवले होते. घरी स्वतः पाळताना उतार निम्म्यावर येतो, असे २०११ च्या अभ्यासात दिसले.

म्हणून माझे मत असे की आधी ताट बदलावे, इसबगोल व डाळी वाढवाव्यात आणि तीन महिन्यांनी रक्त तपासावे. तरीही आकडा चढाच राहिला, तर स्टेरॉलचा विचार करावा. त्याचा परिणाम दोन-तीन आठवड्यांत दिसतो, पण खाणे थांबवले की संपतो. त्याने हृदयविकाराचे झटके कमी होतात, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. गर्भवतींनी, अंगावर पाजणाऱ्या मातांनी व लहान मुलांनी ते टाळावे. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याच्या भरवशावर मुळीच बंद करू नये.