गृहकर्जाचा खरा व्याजदर

व्यापारी कुटुंबांत एक हिशेब वर्षानुवर्षे तोंडी चालत आला आहे. गृहकर्ज नऊ टक्क्यांनी मिळते, त्यावरील व्याजाची आयकरात वजावट मिळते, म्हणून ते प्रत्यक्षात सहा टक्क्यांनाच पडते. तेव्हा असे स्वस्त कर्ज फेडण्याची घाई करू नये. या हिशेबात किती तथ्य उरले आहे, हे एका उदाहरणाने पाहता येईल.

समजा, रत्नागिरीच्या राम आळीत कापडाचे दुकान असलेल्या एका गृहस्थाने नाचणे परिसरात स्वतः राहण्यासाठी सदनिका घेतली. त्यासाठी त्याने ४० लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने, ९ टक्के दराने काढले. मासिक हप्ता सुमारे ३६,००० रुपये येतो. पहिल्या वर्षी हप्त्यांपोटी सुमारे ४ लाख ३२ हजार रुपये भरले जातात. त्यांपैकी सुमारे ३ लाख ५७ हजार व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम ७५ हजारांनी कमी होते. दुकानाचा नफा व ठेवींचे व्याज मिळून त्याचे वार्षिक उत्पन्न १४ लाख आहे.

सहा टक्क्यांचा हिशेब असा मांडला जातो. जुन्या करप्रणालीत दहा लाखांवरील उत्पन्नास ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के पडतात. व्याजाच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे ३१ रुपये २० पैसे वाचले, तर नऊ टक्क्यांचे ६.१९ टक्के होतात. गणित बरोबर आहे, पण त्यासाठी सगळे व्याज वजावटीस पात्र असावे लागते. स्वतःच्या वापरातील घरासाठी आयकर कायद्याने वर्षाला २ लाख रुपयांची मर्यादा घातलेली आहे. आपल्या गृहस्थाचे १ लाख ५७ हजार रुपयांचे व्याज या मर्यादेबाहेर राहते. दोन लाखांवर वाचणारा कर ६२,४०० रुपये. एवढी रक्कम व्याजातून वजा केली, तर खरा दर ७.४३ टक्के येतो.

पुढे मुद्दल घटते तसे व्याजही घटते. या कर्जात वर्षाचे व्याज दोन लाखांच्या आत येण्यास चौदावे वर्ष उजाडते, आणि ६.१९ टक्के हा दर तेव्हा प्रथमच खरा ठरतो. कर्ज मोठे असताना दर चढा आणि कर्ज आटोक्यात आल्यावर दर उतरता, असा हा उलटा प्रकार आहे.

परंतु यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. ही वजावट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली असून तीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीचे टप्पे अधिक सवलतीचे झाले. त्यामुळे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडल्याखेरीज काहीच ठरविता येत नाही.

जुन्या प्रणालीत हा गृहस्थ व्याजाचे २ लाख, कलम ८०सी खालील दीड लाख आणि आरोग्य विम्याचे २५ हजार वजा करील. उरलेल्या १० लाख २५ हजारांवर उपकरासह कर येतो १ लाख २४ हजार ८०० रुपये. नव्या प्रणालीत एकही वजावट न घेता पूर्ण १४ लाखांवर कर येतो ९३,६०० रुपये. म्हणजे व्याजाची वजावट पदरात पाडून घेण्याच्या मोहाने तो जुन्या प्रणालीत राहिला, तर वर्षाला ३१,२०० रुपये अधिक भरतो. त्याच्या उत्पन्नावर जुनी प्रणाली लाभदायक ठरण्यासाठी एकूण वजावटी ५ लाख १२ हजार ५०० रुपयांच्या पुढे जाव्या लागतील.

त्याने शहाणपणाने नवी प्रणाली स्वीकारली, तर कर्ज असो वा नसो, कर ९३,६०० रुपयेच राहतो. कर्जामुळे वाचलेला कर शून्य. त्याच्यासाठी गृहकर्जाचा खरा दर पूर्ण नऊ टक्के आहे. पत्नीला सहमालक व सहकर्जदार केल्यास मर्यादा प्रत्येकी दोन लाख होते हे खरे; पण तीही जुन्या प्रणालीतच, आणि पत्नीचे स्वतःचे उत्पन्न करपात्र असेल तरच उपयोगाची.

या फरकाचा परिणाम तिजोरीपर्यंत पोहोचतो. याच गृहस्थाची ५ लाखांची मुदत ठेव ७ टक्क्यांनी बँकेत आहे. नव्या प्रणालीत त्याच्या टप्प्यावर उपकरासह १५.६ टक्के कर जाऊन ठेवीचे हाती ५.९ टक्के उरतात. कर्ज ६.१९ टक्क्यांचे आहे असे मानले, तर ठेव मोडण्यात फारसा लाभ दिसत नाही. कर्ज नऊ टक्क्यांचे आहे हे ध्यानी घेतले, तर ती ठेव दर वर्षी सुमारे १५,५०० रुपयांचा तोटा करीत आहे. अडीअडचणीसाठी लागणारी रक्कम बाजूला ठेवून उरलेली कर्जात भरावी, हे मग उघड होते. वैयक्तिक गृहकर्जाचा दर बदलता असल्यास मुदतपूर्व फेडीवर बँक दंड आकारू शकत नाही.

नव्या प्रणालीत व्याजाची वजावट दोन ठिकाणी मात्र जिवंत आहे. घर भाड्याने दिले असेल, तर व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते. वर्षाचे भाडे १ लाख ८० हजार आणि भरलेला नगरपरिषदेचा कर ६ हजार असल्यास, ३० टक्के प्रमाणित वजावटीनंतर १ लाख २१ हजार ८०० रुपये उरतात. तेवढेच व्याज उपयोगी पडते. त्यावरचे व्याज दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही व पुढील वर्षी ओढताही येत नाही. कर वाचतो सुमारे १९ हजार, आणि खरा दर ८.५२ टक्के होतो.

दुसरे ठिकाण दुकानाचे. व्यवसायासाठी वापरलेल्या कर्जाचे व्याज हा व्यवसायाचा खर्च असून त्यास दोन लाखांची मर्यादा नाही. तारण काय ठेवले यापेक्षा पैसा कशासाठी वापरला, हे येथे पाहिले जाते. राहते घर गहाण ठेवून दुकानात माल भरला, तर व्याज व्यवसायाचे. उलट दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून घराचे पैसे दिले आणि व्याज दुकानाच्या नावे लिहिले, तर तपासणीत तो खर्च नामंजूर होतो. म्हणून घर व दुकान यांची कर्जे आणि खाती आरंभापासून निराळी असावीत.

शेवटी एक सावधगिरी. नोकरदारास दर वर्षी प्रणाली बदलता येते. व्यापाऱ्यास तशी मोकळीक नाही. जुनी प्रणाली हवी असल्यास त्याने विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. तेथून नव्या प्रणालीत एकदाच परत येता येते, आणि त्यानंतर व्यवसायाचे उत्पन्न असेतो जुनीचे दार बंद होते. म्हणून तो फॉर्म भरण्यापूर्वी करसल्लागाराकडून कर्ज धरून आणि कर्ज न धरता, दोन्ही प्रणालींतील कराचे आकडे लिहून घ्यावेत. कर्ज नसताना जो सर्वांत कमी कर आला असता आणि कर्ज असताना जो सर्वांत कमी कर येतो, त्यांतील अंतर हीच खरी बचत. ती वर्षाच्या व्याजातून वजा केली की उरलेल्या रकमेवरून खरा दर निघतो.