कोस्टल आजी आणि मुरुडची आजी

कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात आणि तरी 'घालायला काहीच नाही'! यावर सध्या जिकडेतिकडे एकच उपाय सांगितला जातोय, मूड बोर्डचा. आवडलेले आउटफिट पिंटरेस्टवर किंवा इन्स्टाच्या सेव्हमध्ये जमवायचे आणि त्यातून आपली स्टाइल शोधायची. उपाय चांगला आहे, पण बोर्ड वाचता आला तरच!

माझी मावसबहीण मुरुडची. जंजिऱ्याचं मुरुड नव्हे. दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. ती रोज एसटीनं दापोलीला कॉलेजला जाते. मे महिन्यात तिनं ३६ फोटो जमवले. त्यातले बहुतेक होते 'कोस्टल ग्रँडमदर'चे. २०२२मध्ये टिकटॉकवरून गाजलेला हा ट्रेंड : पांढरा लिननचा शर्ट, बेज पँट, खांद्यावर स्वेटर, मागे समुद्र. आता गंमत बघा, हिची खरीखुरी आजी समुद्रापासून पाच मिनिटांवर राहते आणि सुती पातळ खोचून वाडीत सुपाऱ्या गोळा करते. स्वेटर कुठून येणार?

हे असं का होतं? आपण दोन-तीन फोटो सेव्ह केले की अ‍ॅप तसेच आणखी पन्नास दाखवतं. मग बोर्डवर आपली आवड कमी आणि अ‍ॅपची जास्त दिसते. ओळखायची खूण सोपी आहे. सगळे फोटो एकाच घरातले वाटायला लागले, तर समजायचं की बोर्ड बिघडला. त्यावर उतारा म्हणजे बोर्डात बाहेरचेही फोटो टाकायचे : सिनेमातला एखादा सीन, घरच्या अल्बममधली मावशी आणि मुख्य म्हणजे स्वतःचे असे फोटो, ज्यात आपण दिवसभर कपडे ओढत-सावरत बसलो नव्हतो.

मग आम्ही एक प्रयोग केला. प्रत्येक फोटोतला चेहरा, समुद्र आणि सुंदर घर अंगठ्यानं झाकायचं आणि विचारायचं, 'आता नुसते कपडे आवडतात का?' ३६ पैकी उरले ११. बाकी २५ फोटोंत तिला ते घर हवं होतं, नाहीतर तो निवांतपणा. त्या ११मध्ये काय पुन्हापुन्हा येतं, ते वहीत लिहिलं. नऊ फोटोंत प्रिंट नव्हतं. आठांमध्ये वरचा कपडा सैल, कमरेच्या जरासा खाली आणि खाली घोट्यापर्यंतची सरळ पँट. रंग मात्र वेगवेगळे. म्हणजे तिला पांढरा रंग आवडत नव्हता, तो आकार आवडत होता.

यादी घेऊन कपाट उघडलं. चौदा कुर्त्या, सगळ्या गुडघ्यापर्यंत, बहुतेक फिटिंगच्या. खाली तीन लेगिंग्ज, दोन जीन्स. कंटाळ्याचं कारण तिथंच सापडलं. रंग चौदा होते, पण आकार एकच! पंधरावी कुर्ती आणून काहीच बदललं नसतं.

त्यातल्या दोन साध्या, सैल सुती कुर्त्या गावातल्या टेलरकडे दिल्या. लांबी ४० इंचांवरून २८वर. इथं एक चूक हमखास होते. खालचा भाग कापला की बाजूचा कट जेमतेम चार-पाच इंच उरतो आणि बसल्यावर कापड ताणतं. म्हणून कट वर उसवून घ्यायला आधीच सांगायचं. तिसरा शर्ट आजीच्या जुन्या पातळाचा शिवायचा होता. पण पातळ उजेडासमोर धरलं तर मधोमध विरलेलं. विरलेलं कापड शिवणीपाशी फाटतं, त्यामुळे काठाजवळचा घट्ट भाग तेवढा वापरला.

विकत आणली ती फक्त एक पँट. बोर्डवर ती पांढरी होती. पण जूनपासून एसटी स्टँडवर लाल चिखल उडतो आणि पावसात जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही, वास येतो तो वेगळाच. म्हणून पँट घेतली पातळ सुती, गडद चॉकलेटी आणि पांढरा रंग गेला वरच्या कपड्यात. फोटोतून कापडाचं वजन कळत नाही, ते किती वेळात वाळेल हेही कळत नाही. कोकणात हे आपलं आपणच तपासावं लागतं.

पाऊस संपेपर्यंत त्या दोन आखूड कुर्त्या आणि ती पँट आलटूनपालटून सगळ्यात जास्त वापरल्या गेल्या. उरलेल्या बारा कुर्त्यांपैकी पाच-सहा त्याच पँटवर जमल्या, बाकीच्या तशाच पडून आहेत. पातळाचा शर्ट मात्र आजीला पटलेला नाही. 'नवं कापड मिळत नव्हतं का गो?' असं ती अजून विचारते. बहिणीनं तो शर्ट घालून आजीबरोबर वाडीत फोटो काढलाय आणि बोर्डवर सगळ्यात वर लावलाय.