मराठीतील यंत्रलेखनाची पारख: आकडा म्हणजे पुरावा नव्हे

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात भारतीय हवामान विभागाचे प्रादेशिक केंद्र आहे. अशा केंद्राच्या अंदाजपत्रात ठरावीक शब्द ठरावीक क्रमाने येतात. पुढचा शब्द कोणता, हे वाचकाला आधीच कळते. यंत्रलिखित मजकूर ओळखणारी अनेक साधने नेमके हेच मोजतात: प्रत्येक शब्द भाषा-प्रारूपाला किती अनपेक्षित वाटला? अनपेक्षितता कमी असली, की मजकूर यंत्राचा असल्याचा संशय घेतला जातो. त्यामुळे माणसाने लिहिलेली ठरीव भाषाही संशयित ठरू शकते.

इंग्रजीत हे मोजमाप निदान काही प्रमाणात चालते, कारण प्रारूपाने त्या भाषेतील अफाट मजकूर वाचलेला असतो. मराठीत तो तुटपुंजा आहे. त्यात ‘घरासमोरच्यांनाही’ यासारखा एकच शब्द अनेक प्रत्यय पोटात घेऊन येतो, आणि असे प्रत्येक रूप प्रारूपाने क्वचितच पाहिलेले असते. परिणामी माणसाचे आणि यंत्राचे, दोन्ही लेखन त्याला अनपेक्षित वाटते. दोहोंमधील अंतर आक्रसते. इंग्रजीवर ठरवलेली सीमारेषा इथे निरर्थक होते.

मग मराठीसाठी वेगळी सीमारेषा आखावी, असे कोणी म्हणेल. त्यासाठी निश्चितपणे माणसाने लिहिलेले, निरनिराळ्या शैलींतले मराठी नमुने हवेत. अडचण इथेच आहे. आयआयटी मद्रासच्या ‘एआय४भारत’ गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘संग्रह’ या भारतीय भाषांच्या मजकूरसाठ्याचा मोठा भाग इंग्रजीतून यंत्राने अनुवादलेला आहे. त्या गटाने तो भाग प्रामाणिकपणे वेगळा नोंदवला आहे. महाजालावरच्या इतर यंत्रानुवादित मराठीवर मात्र अशी खूण नसते. ज्या मापाने तोलायचे, त्यातच भेसळ असेल तर तोल कसा लागणार?

इंग्रजीतले उदाहरणही सावध करणारे आहे. ‘ओपनएआय’ने जानेवारी २०२३ मध्ये आणलेले ओळख-साधन कंपनीच्याच चाचणीत यंत्रलेखनापैकी २६ टक्केच पकडत होते आणि मानवी लेखनापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा आळ घेत होते. हजार निबंधांपैकी शंभर यंत्राचे आहेत असे धरू. साधन त्यांतले २६ पकडेल. उरलेल्या नऊशे मानवी निबंधांपैकी मात्र ८१ दोषी ठरवेल. म्हणजे संशयित ठरलेल्या १०७ जणांपैकी ८१ निर्दोष! इंग्रजीखेरीज इतर भाषांत साधनाची कामगिरी बरीच खालावते, असे कंपनीनेच सांगितले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून ते मागे घेण्यात आले.

म्हणून मराठी निबंधावर वा प्रबंधावर ‘इतके टक्के यंत्र’ असा शिक्का मारून कोणालाही दोषी धरणे अन्यायाचे आहे. साधन विकणाऱ्याला एवढेच विचारावे: ही सीमारेषा कोणत्या मराठी मजकुरावर तपासली, आणि त्यात निर्दोष मराठी लेखकांपैकी किती जण अडकले? उत्तर नसेल, तर विद्यार्थ्याचे कच्चे खर्डे पाहावेत, त्याच्याशी विषयावर दहा मिनिटे बोलावे. निर्णय त्यावर व्हावा, आकड्यावर नव्हे.