शाल-श्रीफळ नको, तो कागद द्या!

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या घरात कुणी येत्या दोन-चार वर्षांत कंपनीतून रिटायर होणार आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

आमच्या गल्लीतले एक काका. विट्यातनं रोज कंपनीच्या गाडीनं ये-जा करत चोवीस वर्षं नोकरी केली. ३१ मे २०२४ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले. निरोप समारंभ झोकात झाला. शाल, श्रीफळ, फेटा, साहेबांचं भाषण, पेढे. काका म्हणाले, "लई मान दिला बघ कंपनीनं."

त्या मानात एक गोष्ट राहून गेली. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी होती, काका-काकू दोघांना मिळून ३ लाखांची. हप्ता कंपनी भरायची. ती पॉलिसी त्याच संध्याकाळी काकांपुरती संपली. हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

पुढं ऑक्टोबरात मुलानं धावपळ करून ५ लाखांची नवी वैयक्तिक पॉलिसी काढली. फॉर्ममध्ये शुगर आणि बीपी प्रामाणिकपणे लिहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये रात्री छातीत दुखायला लागलं, मिरजेला नेलं, अँजिओप्लास्टी झाली. बिल २ लाख ४० हजार. क्लेम नामंजूर! कारण काय, तर आजार जुन्या शुगर-बीपीशी संबंधित आहे आणि त्याचा तीन वर्षांचा वेटिंग पिरियड अजून पुरा झालेला नाही. काकूंच्या पाटल्या मोडून बिल भागवलं.

आता खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. हा क्लेम बसू शकला असता. विमा नियामकाच्या म्हणजे आयआरडीएआयच्या नियमांत 'मायग्रेशन' नावाची सोय आहे. ग्रुप पॉलिसीतला माणूस ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाऊ शकतो, आणि ग्रुपमध्ये काढलेली सलग वर्षं त्याच्या खात्यावर धरली जातात. जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा ठेवता येतो. काकांची त्याच विमा कंपनीकडं सलग सहा वर्षं झाली होती. म्हणजे वेटिंग केव्हाच फिटलेलं. फक्त रिटायर होण्याआधी एक अर्ज द्यायचा होता. तो दिला नाही, पॉलिसी तुटली, आणि सहा वर्षांची पुण्याई शून्य होऊन काका पहिलीच्या वर्गात जाऊन बसले.

यालाही मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. वर्षांचा फायदा जुन्या रकमेपुरताच मिळतो. काकांनी मायग्रेशन करून ५ लाखांची पॉलिसी घेतली असती तर ३ लाखांना वेटिंग नसतं, वरच्या २ लाखांना नव्यानं लागलं असतं. २ लाख ४० हजारांचं बिल मात्र त्या ३ लाखांत बसत होतं. दुसरं, ग्रुपमधून येणाऱ्याची तब्येत विमा कंपनी तपासू शकते, हप्ता वाढवू शकते, नाकारूही शकते. म्हणून तर अर्ज वेळेत हवा आणि उत्तर लेखी हवं. तिसरं, हप्ता आता आपल्या खिशातनं जातो आणि साठीच्या उंबरठ्यावर तो झोंबतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेवढाच दिलासा.

"मग सरकारी योजना कशाला आहेत?" असं कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. आहेत की. महात्मा फुले योजनेत आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. पण ते ठरलेल्या आजारांना आणि योजनेतल्या दवाखान्यातच. मध्यरात्री छातीत कळ आल्यावर माणूस जवळचा दवाखाना बघतो, यादी बघत नाही. काकांना नेलं तो दवाखाना योजनेत नव्हता. वयावर मिळणारं केंद्राचं आयुष्मान कार्ड सत्तरीनंतर. अठ्ठावन्न ते सत्तर ही बारा वर्षं कुणाच्या भरवशावर काढायची?

आणि हे फक्त स्टाफचं दुखणं नाही. ज्या कामगारांच्या पगारातून ईएसआय कापलं जातं त्यांच्यासाठी तर याहून सोपा दरवाजा आहे. किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये एकरकमी भरून स्वतःला आणि जोडीदाराला ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. महिन्याला १० रुपये! चहासुद्धा येत नाही आता त्यात. पगार वाढून २१ हजारांच्या मर्यादेबाहेर गेल्यामुळं ज्यांचं ईएसआय सुटलं, त्यातल्या काहींसाठी २०२४ मध्ये महामंडळानं अटी सैल केल्यात. तुमच्या ओळखीच्या किती निवृत्त कामगारांनी हे १२० रुपये भरलेत? विचारून बघा. मी पाच जणांना विचारलं. पाचही जण म्हणाले, "असं काय असतंय व्हय?"

इथंसुद्धा अडतं ते कागदावरच. हा माणूस आमच्याकडनं वयोमानानुसार निवृत्त झाला, असा मालकाचा दाखला लागतो.

कंपन्यांचं उत्तर मला पाठ आहे. "रिटायर झालेल्याचा विमा काढायचं कायद्यानं आमच्यावर बंधन नाही." मान्य. हप्ता भरा असं कोण म्हणतंय? आम्ही मागतोय एक पत्र. कुणाची रिटायरमेंट कधी आहे हे एचआरला कामाला लागल्या दिवसापासून माहीत असतं. फेट्याची ऑर्डर आठवडाभर आधी देता, मग हे पत्र सहा महिने आधी का देत नाही? त्यात चारच गोष्टी लिहा: पॉलिसी कुठल्या तारखेला बंद होणार, विमा कंपनी कोणती, माणूस किती वर्षं सलग विम्यात होता, आणि मायग्रेशनचा अर्ज कुठं द्यायचा. टाइप करायला दहा मिनिटं लागतात.

युनियनवाल्यांनाही प्रश्न आहे. पगारवाढीच्या करारात कँटीनच्या दरापासनं सगळं असतं, मग या पत्राचं एक कलम का नाही? रिटायर होणारा पुढच्या निवडणुकीत मतदार नसतो म्हणून?

कंपनी सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर आपलं आपण बघायचं. सहा महिने आधी एचआरकडं पॉलिसीची प्रत आणि सलग विम्याचा दाखला मागा. दर वर्षीची विम्याची कार्डं जपा, कारण कंपनी मध्येच विमा कंपनी बदलते आणि मागची वर्षं सिद्ध करायची वेळ आपल्यावर येते. शेवटच्या दिवसाच्या दीड-दोन महिने आधी त्याच विमा कंपनीकडं मायग्रेशनचा अर्ज द्या आणि पोच घ्या. शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन काही लपवू नका. कंपनी पसंत नसेल तरी आधी तिथंच जा, दुसरीकडं पोर्ट नंतर रिन्यूअलला करता येतं. दाद लागली नाही तर आधी विमा कंपनीकडं लेखी तक्रार, मग पुण्याचे विमा लोकपाल. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

काका परवा भेटले. निरोपाची शाल कपाटात घडी करून ठेवलीय म्हणाले. "तिच्यापेक्षा कागद दिला असता तर हिच्या पाटल्या तरी राहिल्या असत्या."

तुमच्या कंपनीत असं पत्र देतात का? हो किंवा नाही, कमेंटमध्ये लिहा. आणि जो पुढच्या वर्षी रिटायर होतोय, त्याला ही पोस्ट आजच पाठवा. हारतुरे नंतर घाला.