शहराचं नाव सोडा, घड्याळ बघा

‘अरे, माझं जीमेल कुणीतरी हैदराबादमधून उघडलंय!’ असं ओरडत दर महिन्या-दोन महिन्यांनी ऑफिसात कुणीतरी येतंच. मग चार जण गोळा होतात आणि एक तज्ज्ञ सांगतो, ‘लोकेशन बघ रे, पुणं असेल तर तूच, नाहीतर हॅकर.’ मंडळी, हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि दोन्ही बाजूंनी घात करणारा आहे.

लॉगिनच्या नोंदीत पटकन डोळ्यात भरतं ते ठिकाण, आणि सगळ्यात कमी भरवशाचंही तेच. ते जीपीएसवरून येत नाही, आयपी पत्त्यावरून केलेला तो अंदाज असतो. मोबाईल डेटावर असताना तुमच्यासारखे असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागून बाहेर पडतात, आणि तो पत्ता कंपनीने दुसऱ्याच शहराच्या नावावर टाकलेला असू शकतो. म्हणजे तुम्ही कोथरूडात बसून हैदराबादचे होता. उलट चोराला प्रॉक्सी वापरून पुणेकर व्हायला दोन मिनिटं पुरतात.

मग बघायचं काय? आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीचीच गोष्ट घ्या. शनिवारी रात्री ११:४२ ला तिला इशारा आला: विंडोजवरून नवीन लॉगिन, हैदराबाद. मी सांगितलं, मेलमधल्या बटणाला हात लावू नकोस, कारण असे इशारेही खोटे बनवता येतात. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून अगदी खाली उजवीकडे `Last account activity` शेजारचं `Details` दाब. तिथे कशातून उघडलं, कुठल्या आयपीवरून आणि किती वाजता, असा तक्ता येतो. तुमचा आत्ताचा आयपीही तिथेच लिहिलेला असतो.

पहिला प्रश्न: ११:४२ ला तू काय करत होतीस? घरचं इंटरनेट गेलं होतं, म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट लावून तिने इनकॉग्निटो विंडोत लॉगिन केलं होतं. इनकॉग्निटोत जुनी कुकी नसते, त्यामुळे रोजचाच लॅपटॉप सर्व्हरला नवखा वाटतो. वेळ जुळली, ब्राउझर जुळला, आणि आयपी तर आत्ताचाच निघाला. इशारा खरा होता, पण लॉगिन तिचंच होतं. विषय संपला.

संपला कुठला! त्याच तक्त्यात पहाटे ४:१० ची एक ओळ होती: क्रोम, महाराष्ट्र. ‘ती माझीच, महाराष्ट्र आहे की,’ ती म्हणाली. पण पहाटे चारला बाईसाहेब झोपलेल्या आणि लॅपटॉप बंद! मग आयपीचा मालक काढला. (खालचा पत्ता नमुन्याचा आहे, तुमचा घाला.)

```
whois 203.0.113.45
```

उत्तरातल्या `netname` आणि `descr` या ओळींत इंटरनेट किंवा मोबाईल कंपनीचं नाव यायला हवं. इथे आलं सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं. ऑफिसचा व्हीपीएन किंवा मेल आणणारं एखादं ॲप असेल तरीही असं दिसतं, म्हणून आधी ते विचारलं. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. सेटिंगमध्ये मात्र बँकेचे मेल परस्पर आर्काइव्ह करणारा एक फिल्टर सापडला, जो तिने कधीच बनवला नव्हता.

आता कळीचा मुद्दा. या ओळीचा इशारा आलाच नव्हता! ब्राउझरमधली चालू कुकी चोरली की पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही, आणि नवीन लॉगिनच होत नसल्याने इशाराही येईलच असं नाही. क्रॅक केलेलं फुकट सॉफ्टवेअर किंवा लबाड एक्स्टेंशन हेच उद्योग करतं. ‘इशारा आला नाही म्हणजे सगळं ठीक’ हे म्हणूनच खरं नाही. आणि ब्राउझरचं नाव जुळलं म्हणूनही निश्चिंत होऊ नका, ते समोरचा ब्राउझर स्वतःच सांगतो आणि खोटंही सांगू शकतो.

पुढचा क्रम महत्त्वाचा. आम्ही दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून खात्याच्या `Your devices` मधून सगळी उपकरणं साइन आउट केली, पासवर्ड बदलला, फिल्टर काढला, फॉरवर्डिंग तपासलं. तिचा लॅपटॉप फॉरमॅट होईपर्यंत त्यावर लॉगिन बंद. नाहीतर नवी कुकीसुद्धा त्याच वाटेने गेली असती.

शहराचं नाव ठळक दाखवणाऱ्या डिझायनर मंडळींवर माझा राग आहेच. ‘तेव्हा तुम्ही काय करत होता?’ हा प्रश्न ते का विचारत नाहीत? पण तोवर तो आपणच स्वतःला विचारायचा. उत्तर देता येत नसेल तर ‘होय, मीच’ दाबू नका, शहर तुमचं असलं तरी.