थोरली, मधला आणि शेंडेफळ

लालबागच्या माझ्या दवाखान्यात गेल्या पावसाळ्यात एक आई आपली तिन्ही मुले घेऊन आली. थोरली चौदा वर्षांची, मधला आठ आणि धाकटी पाच. आजारी होती फक्त धाकटी, पण बाई बोलत होत्या मधल्याविषयी. "डॉक्टर, थोरली पहिल्यापासूनच समंजस. ही तर शेंडेफळ, लाडावलेली. हा मात्र दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही. मधलं मूल ना, असंच व्हायचं." मी मान डोलावली आणि केसपेपरवर 'मधला, हट्टी' असे लिहूनही टाकले.

त्या घराचे जुने केसपेपर माझ्याकडे आहेत. रात्री ते चाळताना थोरलीचा पाचव्या वर्षीचा कागद हाती लागला. इंजेक्शन पाहून ती टेबलाखाली जाऊन बसली होती, आणि आईचे तेव्हाचे शब्द मी टिपून ठेवले होते : 'फार हट्टी, कुणाचे ऐकत नाही.' आज तीच मुलगी 'पहिल्यापासून समंजस' ठरली होती.

जन्मक्रमाविषयीच्या समजुतीतली सर्वांत मोठी फसगत हीच आहे. घरात आपण चौदा वर्षांच्या मुलीची तुलना पाच वर्षांच्या मुलीशी करतो आणि वयाने आलेला फरक क्रमाच्या नावावर जमा करतो. थोरले भावंड नेहमीच वयाने पुढे असते, म्हणून ते नेहमीच अधिक जबाबदार दिसते. खरी तुलना करायची तर थोरली पाच वर्षांची असताना कशी होती, हे आठवावे लागेल. आणि आईबापांची आठवण आजच्या मुलाच्या रंगात बुडालेली असते.

दुसरी फसगत संशोधकांचीही होत असे. पहिले मूल एकुलत्या एकाच्या घरातही असते आणि पाच भावंडांच्या घरातही. चौथे मूल मात्र मोठ्या कुटुंबातच जन्मू शकते. सगळी पहिली मुले एका बाजूला आणि सगळी चौथी दुसऱ्या बाजूला ठेवली, तर आपण मुलांची नव्हे, घरांची तुलना करतो : त्यांची मिळकत, आईचे शिक्षण, जागेची अडचण. दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्यांना हे निराळे सांगायला नको.

व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड अॅडलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही कल्पना रूढ केली. 1996 साली फ्रँक सलोवे यांनी एका गाजलेल्या ग्रंथात थोरले परंपरा जपणारे आणि धाकटे बंडखोर, असे मांडले. पुढे 2015 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती, कुटुंबाचा आकार ध्यानात घेऊन, तपासण्यात आली. बहिर्मुखता, मनाची स्थिरता, मिळतेजुळतेपणा, शिस्त यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा नोंद घेण्याजोगा परिणाम आढळला नाही. बुद्धिमापनात मात्र प्रत्येक पुढच्या क्रमाला सरासरी दीड गुणांची घट दिसली. ही घट खरी आहे, पण इतकी बारीक की भावंडांच्या दहा जोड्या घेतल्या, तर चारांत धाकटेच वरचढ निघेल. कोण्या एका घरात ती डोळ्यांनी दिसणे शक्य नाही.

मग आपल्याला जे दिसते ते सारेच खोटे का? नाही. थोरलेपण ही घरातली एक भूमिका असते. दीनानाथ मंगेशकर 1942 साली निवर्तले, तेव्हा लताबाई तेराव्या वर्षात होत्या आणि पाठीवर चार भावंडे होती. घराचा भार त्यांनी उचलला. हे थोरले असण्यामुळे घडले यात शंका नाही. पण त्यावरून थोरल्यांचा स्वभावच तसा असतो, असे ठरत नाही. भूमिका घरात वठते. तीच 'समंजस' थोरली शाळेत वर्ग डोक्यावर घेत असेल, तर तिची आई ते पाहायला तिथे नसते.

आता त्या मुलाकडे वळतो. आठवड्याने मी त्याला पुन्हा बोलावले. तो पाठमोरा असताना हलक्या आवाजात नाव घेतले, वळला नाही. समोरून तेच बोललो, तर लगेच उत्तर दिले, पण नजर माझ्या ओठांवर होती. आईला विचारले, तेव्हा तो टीव्हीचा आवाज वाढवतो आणि झोपेत तोंडाने श्वास घेतो, हे कळले. दोन्ही कानांचे पडदे मंद, निस्तेज दिसत होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पडद्यामागे पाणी साठल्याचे निदान केले आणि श्रवणचाचणीत ऐकू कमी येत असल्याचे स्पष्ट झाले. असे पाणी बहुधा आपणहून ओसरते, म्हणून तीन महिने थांबून पुन्हा चाचणी करायची आणि तोवर त्याला वर्गात पुढच्या बाकावर बसवायचे, असे ठरले.

बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, दोन वर्षं मी याला उगाच ओरडतेय." केसपेपरवरचे ते दोन शब्द मी त्यांच्यादेखतच खोडले.