विहिरीचं पाणी जातं कुठं? खानदेशातल्या दोन जमिनींचा हिशेब

मे महिन्यात धुळ्याकडच्या पाहुण्यांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमची विहीर मार्चलाच बसली, पण पाऊस झाला की भरते." यावल-रावेरकडचे नातेवाईक मात्र वेगळंच सांगतात: "पाणी आहे, पण दरवर्षी बोअरमध्ये पाईप वाढवावा लागतो." दोघंही खानदेशातलेच आणि पाऊसही दोघांकडे फार नाही. तरी तक्रार वेगळी, कारण दोघांच्या पायाखालची जमीन वेगळी आहे.

जमिनीखाली तळी किंवा नद्या असतात असं पुष्कळांना वाटतं, आणि पाणाड्याही नारळ हातावर धरून तसंच सांगतो. खरं तर बहुतेक ठिकाणी भूजल म्हणजे वाळूच्या कणांमधल्या किंवा खडकाच्या भेगांमधल्या पोकळीत अडकलेलं पाणी. घागरीत वाळू भरून वरून पाणी ओतलं तर बरंच पाणी मावतं आणि तळाला भोक पाडलं की त्यातलं काही बाहेर येतं. उरलेलं कणांना चिकटून बसतं. विहिरीला मिळतं ते फक्त हे सुटून येणारं पाणी. ज्या थरातून ते असं सुटून येतं, त्याला जलधर म्हणतात.

धुळे जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. हा खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. त्याचा अखंड भाग पाणी धरतच नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात आणि दोन थरांमधल्या भेगांत. अशा खडकाचे शंभर भाग घेतले तर विहिरीला मिळण्याजोगं पाणी जेमतेम दोन भाग निघतं. शिवाय हा पाणी धरणारा थर फार खोल जात नाही. म्हणून कोठार लहान. एका चांगल्या पावसात ते भरतं आणि एका रब्बीत रिकामं होतं.

सातपुडा आणि तापी यांच्यामधला यावल, रावेर, चोपड्याचा पट्टा वेगळा. इथं नदीनाल्यांनी आणलेला गाळ शेकडो फूट खोल साचला आहे: पिवळी माती, मध्ये वाळू, पुन्हा माती. वाळूच्या थरातून शंभरात दहा भाग पाणी सहज सुटतं. कोठार मोठं आहे, पण त्याचं तोंड अरुंद. मधल्या चिकण मातीतून पाणी सहज खाली उतरत नाही. ते मुख्यतः सातपुड्याच्या पायथ्याशी मुरतं. तिथं डोंगरातले नाले गोटे आणि जाड वाळू टाकून मोकळे होतात, त्या पट्ट्याला बझाडा म्हणतात. तडवी बांधवांची पुष्कळ गावं याच पायथ्याला आहेत. तिथं मुरलेलं पाणी जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकत जातं.

आता केळीचा हिशेब करू. एका एकरात सुमारे 1500 खोडं धरा. ठिबकवर वर्षाची सरासरी खोडाला रोज 12 लिटर धरली तर दिवसाला 18,000 लिटर झाले. पावसाचे दिवस वगळून 240 दिवस पाणी दिलं तर साधारण 43 लाख लिटर. दुसऱ्या बाजूला जळगावकडे वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गाळाच्या जमिनीत त्याचा पाचवा हिस्सा मुरतो असं धरलं, तर एका एकरात साडेपाच लाख लिटरच्या वर थोडं पाणी मुरलं. म्हणजे एक एकर केळी सात-साडेसात एकरांवर मुरलेलं पाणी पिते. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण गावात सात एकरांमागे एकापेक्षा जास्त एकर केळी असेल तर कुठून तरी जुनं पाणी येतंय, एवढं नक्की. ठिबकनं खोडाचं पाणी वाचलं हे खरं. वाचलेल्या पाण्यावर पुन्हा दोन एकर नवी केळी लावली तर जमिनीखाली काहीच वाचलं नाही. आपल्याकडे बऱ्याचदा हेच झालं.

आणि इथंच दोन जमिनींचा फरक कळतो. समजा, वर्षभरात मुरलं त्यापेक्षा साऱ्या शिवारावर चार इंच पाणी जास्त उपसलं. काळ्या पाषाणात पोकळी शंभरात दोन, म्हणून पातळी सोळा-सतरा फूट खाली जाते. विहीर लगेच बोंब मारते. गाळाच्या जमिनीत तेवढ्याच उपशानं पातळी सव्वातीन फूटच उतरते. सव्वातीन फूट कुणाच्या लक्षात येणार? पंप चालूच राहतो. पण वीस वर्षं असंच चाललं तर पासष्ट फूट होतात. बापजाद्यांनी हातानं खोदलेली विहीर तोवर कोरडी पडलेली असते. खोल बोअरला पैसे असणारा आणखी खाली जातो, दोन एकरवाला कर्ज काढतो किंवा बागायत सोडतो. खोल बोअरनं नवं पाणी सापडलं असं म्हणतात, ते मला पटत नाही. कोठार तेच असतं, हात तेवढा लांब झालेला असतो.

शेजाऱ्याची विहीरही यातच सापडते. पंप चालला की विहिरीभोवतीचं पाणी नरसाळ्यासारखं खोलगट होतं. उपसा मोठा, तसं नरसाळं रुंद. दोन नरसाळी एकमेकांत शिरली की उथळ विहीर आधी उघडी पडते, मग ती भले आधी खोदलेली असो.

याच सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी चारशे वर्षांपूर्वीही काढलं जात होतं. रावेरहून जवळच असलेल्या, जुन्या खानदेशाची राजधानी राहिलेल्या बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, 1615 च्या सुमारास, कुंडी भंडारा बांधला गेला. सुमारे शंभर कुंड्या जमिनीखाली एका बोगद्यानं जोडलेल्या आहेत. डोंगराकडून येणारं पाणी या बोगद्यात झिरपतं आणि उतारानं शहराकडे वाहतं. पंप नाही की मोट नाही. यातली मेख अशी, की बोगद्याच्या पातळीवर येईल तेवढंच पाणी मिळतं. पाऊस कमी झाला की वाहणं मंदावतं, पण बोगद्याच्या खालचं पाणी तसंच राहतं. पंपाला अशी पातळी नसते. तो पाईप पोचेल तिथपर्यंत ओढतो. आजूबाजूला बोअर वाढले तसा या जुन्या बोगद्यालाही त्याचा फटका बसला आहे.

पाणी परत भरता येतं का? धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी 2004 पासून नाले रुंद आणि खोल करून त्यावर बंधारे घातले. गाळाच्या भागात वरची चिकण माती कापून पाणी खालच्या वाळूपर्यंत पोचवलं की ते झपाट्यानं मुरतं. विहिरींना तिथं फरक पडला. पण हीच खोदाई काळ्या पाषाणात केली तर खाली भरायला पोकळीच थोडी. उलट नाला जलधरापेक्षा खोल गेला तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्यात निथळून उन्हात वाफ होतं.

आपल्या विहिरीचं काय चाललंय ते दोरीला दगड बांधून कळतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. घरी दोनदा पुरे: पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात आणि मेअखेर. मोजण्याआधी रात्रभर पंप बंद ठेवावा आणि फूट भिंतीवर किंवा वहीत तारखेसह लिहावेत. मेचा आकडा मेशी नव्हे, ऑक्टोबरचा ऑक्टोबरशी लावून पाहावा. मे कोरडा गेला तरी ऑक्टोबरात पाणी जुन्या जागी आलं, तर कोठार लहान आहे, पण भरतंय. चांगल्या पावसाच्या वर्षीही ऑक्टोबरची खूण मागच्यापेक्षा खाली राहिली, आणि पुढच्या वर्षी आणखी खाली, तर पंप जोरात चालत असला तरी ती विहीर आटायला लागलेली आहे.